केसरीचा अंक कुठला?

आमच्या ईडन प्रेरीत एक छोटासा विमानतळ आहे. नाव मोठं छान, ‘फ्लाइंग क्लाउड’. मोठी प्रवासी विमानं तिकडे मिनिआपोलिसच्या मुख्य विमानतळावर उतरतात. इथे येतात ती हौशी लोकांची एक इंजिनाची, चार सीटांची खेळण्यासारखी विमानं. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर बसलं की डोक्यावरून घरघरत जातात. (हे फक्त मे ते सप्टेंबर. जानेवारीत डेकवर बसलात तर चहाची कुल्फी होते.)

तर अशाच एका शनिवारी, वर विमान घरघरत असताना, साताऱ्याहून भाच्याची मेल आली. भाचा क्लासेसमध्ये विज्ञान शिकवतो आणि गेली काही वर्षं शाळकरी मुलांसाठी मराठीतून व्हिडिओ बनवतो. चांगले बनवतो, मामा म्हणून सांगत नाही. मेलमध्ये नव्या व्हिडिओची स्क्रिप्ट होती आणि खाली एक ओळ: "मामा, तुम्ही इंजिनिअर आहात, जरा नजर टाका. विषय तुमच्या आवडीचा आहे. विमान!"

विषय होता शिवकर बापूजी तळपदे. पहिलंच वाक्य असं: "१८९५ साली, राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर एका मराठी माणसानं जगातलं पहिलं विमान उडवलं."

मी कप खाली ठेवला. कारण या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे, आणि ती फारशी सुखाची नाही.

डिसेंबर २००३ मध्ये राईट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तोच विषय चालला होता. मी तेव्हा अमेरिकेत तसा नवाच, छाती पुढे काढून म्हणालो, "पहिलं विमान आमच्या मुंबईत उडालं, १८९५ मध्ये." कुणी हसलं नाही. उलट शेजारचा एक वयस्कर सहकारी, ज्याला जुन्या विमानांचं वेड होतं, त्यानं डोळे मोठे केले आणि अगदी मनापासून विचारलं, "हे मला माहीतच नव्हतं. कुठे वाचायला मिळेल?" मी म्हटलं, संध्याकाळी पाठवतो. संध्याकाळी शोधायला बसलो तर माझ्याकडे काय होतं? मित्रानं फॉरवर्ड केलेली एक ई-मेल. ती त्याला त्याच्या आतेभावानं पाठवली होती. दोन दिवस शोधून मी काहीच पाठवलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी भारताबद्दल काहीही सांगितलं की तो नुसता मान हलवायचा, "कुठे वाचायला मिळेल" म्हणायचा नाही. हे मला आजही बोचतं. त्यानं माझी चूक पकडली असती तर बरं झालं असतं. त्यानं विचारणंच बंद केलं.

असो. मी स्क्रिप्ट छापून काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो. पद्धत साधी आहे, आमच्याकडे कारखान्यात ड्रॉइंग तपासतात तशी. जिथे जिथे तपासता येईल असं विधान आहे, म्हणजे नाव, साल, आकडा, "याने हे केलं", तिथे खाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं, हे कुठून आलं. नऊ मिनिटांच्या स्क्रिप्टमध्ये चाळीसच्या वर रेघा झाल्या. बहुतेक बिनतक्रार सुटल्या. अडकल्या त्या सहा-सात, आणि गंमत अशी की व्हिडिओचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा होता.

पहिली रेघ: "लोकमान्य टिळकांच्या केसरीनं ही बातमी छापली." आता हे वाक्य फार वजनदार आहे. टिळक म्हटल्यावर मराठी माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. मी भाच्याला फोन केला आणि विचारलं, "केसरीचा अंक कुठला?"

"म्हणजे?"

"तारीख. केसरी तेव्हा आठवड्यातून एकदा निघायचा. म्हणजे १८९५ चे बावन्न-त्रेपन्न अंक. त्यातला कुठला?"

त्यानं एका लेखाचं नाव सांगितलं. तो लेख उघडला, तर त्यात फक्त "केसरीत बातमी आली होती" एवढंच. दुसरा लेख, तेच. एक इंग्रजी लेख, त्यात "एका मराठी दैनिकानं" असं लिहिलेलं. तेव्हा केसरी दैनिक नव्हतंच! म्हणजे लिहिणाऱ्यानं अंक हातात धरलेला नाही हे तिथेच कळलं. अशी बारीक चूक फार कामाची असते. खरा कागद पाहिलेला माणूस तारीख देतो, पान देतो, निदान दोन ओळी उतरवून देतो. न पाहिलेला माणूस फक्त पेपरचं नाव देतो. मी आजवर पाहिलेल्या एकाही व्हिडिओत किंवा लेखात त्या अंकाची तारीख दिलेली नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि बोटांच्या मागे जात राहिलं की आपण फिरून पहिल्या बोटाशी येतो. दहा ठिकाणी लिहिलंय म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकाच गोष्टीच्या दहा झेरॉक्स असू शकतात.

दुसरी रेघ: "न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड महाराज हजर होते." इथे भाचा खूष होता, कारण त्यानं हे तपासलं होतं. रानडे १८९३ पासून मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते, म्हणजे मुंबईतच. सयाजीराव तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. तारखा जुळतात! मी म्हटलं, बाबा रे, ते हजर असू शकले असते एवढंच यावरून कळतं. १८९५ मध्ये मुंबईत लाखो माणसं होती, त्यांतला कुणीही चौपाटीवर असू शकला असता. हजर होते म्हणायला त्यांच्यापैकी कुणाचं पत्र, रोजनिशी, भाषण, काहीतरी हवं. शिवाय हायकोर्टाचा न्यायमूर्ती आणि एक महाराजा भर चौपाटीवर विमान बघायला जमतात, तर मुंबईतल्या सगळ्या वर्तमानपत्रांना सोडून बातमी फक्त पुण्याला कशी पोचते?

तिसरी रेघ: "विमान १५०० फूट उंच गेलं." हा आकडा सगळीकडे अगदी सारखा आहे. विमानात माणूस होता की नव्हता याबद्दल मात्र वेगवेगळ्या कहाण्या आहेत. माणूस होता की नाही हे आठवत नाही पण फूट बरोबर आठवतात, हे मला इंजिनिअर म्हणून जरा विचित्र वाटतं. उंची मोजली कुणी? कशानं? उत्तर नाही.

आता तुलनेसाठी राईट बंधूंचं बघा. १७ डिसेंबर १९०३, उत्तर कॅरोलिनात किटी हॉकजवळ किल डेव्हिल हिल्स. पाच साक्षीदार, नावानिशी. समुद्रकिनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातल्या जॉन डॅनिअल्सनं काढलेला फोटो. ऑरविलची रोजनिशी. त्या दिवशी चार उड्डाणं झाली, पहिलं १२ सेकंद आणि १२० फूट, चौथं ५९ सेकंद आणि ८५२ फूट. संध्याकाळी त्यांनी वडिलांना तार केली, त्या तारेत ५९ च्या जागी ५७ सेकंद पडले आणि ऑरविलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं. दुसऱ्या दिवशी नॉरफोकच्या ‘व्हर्जिनियन-पायलट’ या पेपरनं पहिल्या पानावर मोठी बातमी छापली. विमान तीन मैल उडालं म्हणून!

तीन मैल कुठे आणि ८५२ फूट कुठे. ही बातमी खऱ्या उड्डाणाची, दुसऱ्याच दिवशी छापलेली, आणि तरी धादांत चुकीची. म्हणूनच मी भाच्याला म्हटलं की उद्या केसरीचा तो अंक खरोखर सापडला, तरी काम संपत नाही. मग विचारायचं, बातमीदार स्वतः तिथे होता का, की कुणी सांगितलं ते छापलं? राईट बंधूंच्या बाबतीत आपण पेपरवर विसंबून राहत नाही, कारण फोटो, रोजनिशी आणि साक्षीदार एकमेकांना धरून आहेत. तारेतली चूकसुद्धा आपल्याला कळते ती त्यामुळेच.

चौथी रेघ माझ्या धंद्यातली होती. "विमानात पाऱ्याचं इंजिन होतं. आज नासासुद्धा पारा वापरते." हे वाक्य मला सगळ्यांत धोकादायक वाटलं, कारण यातला नासाचा भाग अगदीच खोटा नाही. नासानं १९६४ साली सर्ट-१ या यानावर पाऱ्याचं आयन इंजिन अंतराळात चालवून दाखवलं, आणि १९७० मध्ये सर्ट-२ वर पुन्हा. संदर्भ म्हणून नासाचं पान दिलं तर ते उघडेल, तिथे पाराही सापडेल, आणि पाहणारा म्हणेल, बघा, खरंच आहे! पण ते इंजिन करतं काय? विजेच्या जोरावर पाऱ्याचे आयन मागे फेकतं, आणि तेही निर्वातात. सर्ट-२ च्या इंजिनाचा रेटा एका ए-फोर कागदाच्या वजनापेक्षाही कमी होता. अंतराळात महिनोन् महिने चालवलं तर तेवढा रेटा पुरतो. चौपाटीवर त्यानं कागदसुद्धा वर उचलला जाणार नाही.

बरं, पारा जाळून शक्ती मिळवायची म्हटलं, तर एक किलो पाऱ्याचं पूर्ण ऑक्साइड केलं तरी साधारण अर्धा मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो पेट्रोल देतं पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे सुमारे शंभर पटींचा फरक. हे गणित बारावीच्या पुस्तकातल्या आकड्यांवर होतं, त्याला अमेरिकेत यावं लागत नाही. इथे संदर्भ खरा आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. व्हिडिओखाली वीस लिंका देणारे पुष्कळ असतात. लिंक उघडून, जे वाक्य व्हिडिओत म्हटलं तेच तिथे आहे का, हे पाहणारे कमी. माझ्या मते ज्या लिंकेनं ते नेमकं वाक्य सिद्ध होत नाही, ती न दिलेली बरी. ती पाहणाऱ्याला गप्प बसवते, बाकी काही करत नाही.

पाचवी रेघ ‘वैमानिक शास्त्रा’ची. हा ग्रंथ हजारो वर्षं जुना आणि तळपदे यांनी त्यावरून विमान बनवलं, असं स्क्रिप्टमध्ये होतं. यावर मात्र अगदी पक्का कागद आहे. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, १९७४ साली या ग्रंथाचा अभ्यास करून निबंध लिहिला. नेटवर वाचायला मिळतो. ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला, १९१८ ते १९२३ या काळात तो लिहून घेतला गेला, संस्कृत अलीकडचं आहे आणि ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे गणितानं सांगितलं. आणि त्याच निबंधात तळपदे यांचाही उल्लेख आहे: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नमुने बनवायचा प्रयत्न केला, पण एकही उडवता आला नाही.

हे वाचून दाखवलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, "मामा, राग मानू नका, पण तुम्ही तिकडे गेलात ना, तुम्हाला आपलं काहीच पटत नाही."

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. इकडे आलेल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतं. पण निबंध बंगलोरचा आहे रे, मी म्हटलं, आणि नावं बघ. त्यांतलं एकही आडनाव मिनेसोटाचं नाही.

शेवटी वाक्य असं झालं: "शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं विमान बनवायचा प्रयत्न केला. ते १८९५ साली चौपाटीवर उडालं असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. केसरीत बातमी आली असंही म्हणतात, पण त्या अंकाची तारीख आम्हाला कुठेही मिळाली नाही. कुणाकडे तो अंक असेल तर कळवा." त्याला भीती होती की हे फारच मिळमिळीत होईल. मला उलट वाटलं. एक मुंबईकर, परदेशी शिक्षण नाही, कारखाना नाही, आणि तो त्या काळात उडायचं यंत्र बनवायला बसतो, हे काय कमी आहे? त्याला खोटं पहिलेपण चिकटवलं की लोक ते खोडण्यातच वेळ घालवतात आणि बिचाऱ्याचा खरा खटाटोप कुणी बघत नाही.

संदर्भ कसे द्यायचे यावरही आमची बरीच खल झाली. मी आग्रह धरला की डिस्क्रिप्शनमध्ये मिनिट-सेकंद लिहून त्यापुढे संदर्भ द्यायचा, पान क्रमांकासकट, नुसती शेवटी यादी नको. पाहणाऱ्याला शंका येते ती एका वाक्याची, सगळ्या व्हिडिओची नाही. आणि लिंका मरतात, म्हणून प्रत्येक पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर साठवून तिचाही पत्ता द्यायचा. त्याला आधी हे कारकुनी काम वाटलं. एका संध्याकाळचं आहे, जास्त नाही.

व्हिडिओ गेला. पाच दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांची प्रतिक्रिया आली: "राईट बंधूंचं पहिलं उड्डाण ५९ सेकंदांचं नव्हतं, ते चौथं. पहिलं १२ सेकंदांचं. तुम्हीच दिलेल्या संदर्भात तसं आहे." मी कपाळावर हात मारला. पेन्सिल घेऊन बसलेला शहाणा मीच! आकडा ओळखीचा वाटला म्हणून त्याखाली रेघच मारली नव्हती. नेमकी ओळखीची वाक्यंच अशी निसटतात. पण गंमत बघा, आम्ही सेकंदासकट संदर्भ दिला होता म्हणूनच त्यांना ती सापडली.

आता दुरुस्ती कशी करायची? यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. पत्ता तोच हवा तर व्हिडिओही तोच. पूर्वी चित्रावर छोटी चौकट टाकून "इथे चूक आहे" असं लिहिता यायचं. यूट्यूबनं २०१७ मध्ये नव्या चौकटी बंद केल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये जुन्याही पुसून टाकल्या. त्याबरोबर कित्येकांनी प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्त्याही पुसल्या गेल्या आणि चुका तेवढ्या राहिल्या. म्हणून भाच्यानं डिस्क्रिप्शनच्या अगदी पहिल्या ओळीत चूक लिहिली, कारण फोनवर "आणखी" दाबल्याशिवाय पुढच्या ओळी दिसतच नाहीत. तीच दुरुस्ती पहिल्या कॉमेंटमध्ये पिन केली, त्या शिक्षकांचे आभार मानून.

पण खरं दुखणं पुढेच होतं. तळपदे यांच्यावर त्याचा एक जुना व्हिडिओ आहे, तीन वर्षांपूर्वीचा, चार मिनिटांचा, त्यात सगळं आहे: पारा, महाराज, १५०० फूट. आणि तोच त्याच्या चॅनेलवरचा सगळ्यांत जास्त पाहिलेला व्हिडिओ. नव्याला त्याच्या दहावा हिस्साही लोक नाहीत. काही शाळांत १५ ऑगस्टला तो दाखवतात म्हणे. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, मामा, चॅनेल लोकांना सापडतं ते त्याच्यामुळे.

मी त्याला म्युनिकच्या कुर्त्सगेजाख्तची गोष्ट सांगितली. विज्ञानाची सुंदर कार्टून बनवणारं हे चॅनेल जगभर बघतात. मार्च २०१९ मध्ये त्यांनी आपले २०१५ चे दोन व्हिडिओ काढले, एक व्यसनावरचा आणि एक युरोपातल्या निर्वासितांवरचा. व्यसनाच्या व्हिडिओचा आधार बहुतेक एका लेखकाची एक बाजू होती, हे त्यांनी स्वतः नवा व्हिडिओ करून सांगितलं. आता, दुसरा एक चॅनेलवाला टीका करणार हे कळल्यावर त्यांनी घाई केली, असाही आरोप झाला, ते खरं असेल-नसेल. पण लाखोंनी पाहिलेला व्हिडिओ त्यांनी काढला आणि का काढला ते सांगितलं. त्यानंतरही मी त्यांचे व्हिडिओ मुलांना दाखवतो, आणि आता खालचे संदर्भही उघडून बघतो.

भाचा म्हणाला, "त्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत." त्यात तथ्य आहे. त्याला त्या एका व्हिडिओतून महिन्याला जे काही मिळतं त्यातून त्याचा माईक आणि लाईट आले. इथे डॉलरमध्ये पगार घेऊन "काढून टाक" म्हणणं मला सोपं आहे, हे मला कळतं. तरीही माझं म्हणणं तेच. नव्या व्हिडिओत "अंकाची तारीख मिळाली नाही" म्हणायचं आणि शेजारच्याच व्हिडिओत तीच बातमी ठासून सांगायची, हे एखाद्या चौथीतल्या मुलानं एकामागोमाग पाहिलं तर तो कुठल्या भाच्यावर विश्वास ठेवेल?

तीन आठवडे या विषयावर आम्ही बोललो नाही. ताईनं मात्र एकदा विचारलं, "तुझं आणि त्याचं काय बिनसलंय रे?"

गेल्या रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. जुना व्हिडिओ काढला होता, आणि का काढला ते चार ओळींत चॅनेलवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या शिव्यांचे फोटोही मला पाठवले होते, बहुधा मी हप्त्यानं वाटून घ्याव्यात म्हणून. खाली नवी स्क्रिप्ट: रामानुजन, हार्डी आणि १७२९ नंबरची टॅक्सी. समासात त्यानं स्वतःच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "ही गोष्ट हार्डीनं स्वतः लिहून ठेवली आहे. पान शोधतोय."